रविवार संध्याकाळचा फोन

नोव्हेंबरमध्ये नाशिकच्या एका बालरोगतज्ज्ञांनी आठवीतल्या एका मुलाला माझ्याकडे पाठवलं. चिठ्ठीवर मोजकंच लिहिलं होतं: पाच महिन्यांपासून पोटदुखी, तपासण्यांत काही नाही, शाळेचा ताण असावा. मी मुलांचं आणि त्यांच्या घरच्यांचं समुपदेशन करते. ओळख पटू नये म्हणून इथले तपशील बदललेले आहेत. मुलाला मी दादा म्हणते, कारण धाकट्या बहिणीमुळे घरातले सगळेच त्याला त्याच नावाने हाक मारायचे.

वडील अंबडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सला सुपरवायझर. आई एका पतसंस्थेत कॅशियर. बहीण पहिलीत. घर वन बीएचके, आणि या प्रकरणात घराची रचना महत्त्वाची आहे, कारण दादाचं अभ्यासाचं टेबल हॉलमध्ये, स्वयंपाकघराच्या दाराला लागून होतं.

पोट दुखायचं बेंबीभोवती. बहुतेक वेळा रविवारी रात्री सुरू व्हायचं आणि सोमवारी सकाळी वाढायचं. कधी मळमळ, कधी डबा तसाच परत. जूनपासून शाळा बऱ्याचदा बुडाली होती आणि त्यात सोमवार जास्त. सोनोग्राफीत पोटात बारीक गाठी दिसल्या होत्या आणि आईच्या मनात त्या शब्दाने घर केलं होतं. डॉक्टरांनी तिला समजावलं होतं की लहान मुलांच्या आतड्यांजवळ अशा लसिकाग्रंथी असतातच, साध्या सर्दी-तापानंतरही त्या थोड्या मोठ्या दिसतात आणि दुखण्याचं कारण त्याच असतील असं नाही. वजन नीट वाढत होतं, ताप नव्हता, शौचातून रक्त नव्हतं, झोपेतून दुखून उठणं नव्हतं. यातलं एक जरी असतं तरी मी त्याला परत डॉक्टरांकडेच पाठवलं असतं.

मुलांच्या अशा पोटदुखीची नोंद जुनी आहे. जॉन ॲपली या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने १९५८ साली ब्रिस्टलच्या हजार शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली, त्यात साधारण दहातल्या एका मुलाला ही वारंवार होणारी पोटदुखी होती आणि त्यातल्या फारच थोड्यांच्या शरीरात कारण सापडलं. पण दुखणं खरं असतं. मेंदू आणि आतडं यांच्यात मज्जातंतूंमार्फत सतत देवाणघेवाण चालू असते आणि घाबरलेल्या मुलाच्या आतड्यांना जे कळ येऊन सांगायचं असतं ते ती सांगतात. पहिल्या भेटीत मी आई-बाबांना हेच सांगितलं: तो नाटक करत नाही. आई रडली. बाबा गप्प होते.

"सोमवारी गणिताचे दोन तास असतात," आई म्हणाली. "त्याला गणिताचीच भीती आहे. माझ्या बहिणीचा मुलगा पुण्याला याच्याच वयाचा आहे, दोन महिन्यांचा फरक. त्याला काही सांगावं लागत नाही. स्वतः उठतो, स्वतः बसतो. पाचवीला स्कॉलरशिपच्या गुणवत्ता यादीत होता. आता आठवीची फेब्रुवारीत आहे. हा अजून…"

दादा शेजारच्या खुर्चीत बसला होता. "पुण्याला" हा शब्द ऐकताच त्याने दोन्ही हात पोटावर नेले. दुखतंय म्हणून नव्हे, सवयीने, जसा आपण ब्रेक लागला की समोरचा दांडा धरतो.

वही

"तुम्ही तुलना करू नका" असं पालकांना सांगून काही होत नाही, हे मी अनुभवाने सांगते. त्यांना ते आधीच माहीत असतं. बहुतेकांना प्रामाणिकपणे वाटतं की आपण तुलना करतच नाही, फक्त उदाहरण देतो. आणि इथे तर तुलना खोटीही नव्हती. मावसभाऊ खरोखर हुशार होता, त्याला खरोखर जास्त गुण मिळत होते. "प्रत्येक मूल वेगळं असतं" हे वाक्य अशा आईला ऐकवलं की ती मान डोलावते आणि घरी जाऊन पुन्हा घाबरते.

म्हणून मी दोन वह्या दिल्या. आईने लिहायचं: घरात मार्क, भविष्य किंवा नातेवाइकांच्या मुलांचा विषय निघाला की वार, वेळ, कोण बोललं, कोणाशी बोललं आणि त्याच्या आधी काय घडलं होतं. बाबांनी लिहायचं: दादाचं पोट कधी दुखलं, किती वेळ, शाळा बुडाली का. दोघांनी एकमेकांची वही दोन आठवडे बघायची नाही. एकाच माणसाने दोन्ही लिहिलं की तो नकळत एकाला दुसऱ्याशी जुळवत जातो.

दोन आठवड्यांनी वह्या शेजारी ठेवल्या. आईच्या वहीत ३१ नोंदी होत्या. त्यातल्या फक्त सहा थेट दादाला उद्देशून होत्या, आणि आईला वाटत होतं तेवढी तिची चूक म्हणजे त्या सहाच. बाकीच्या पंचवीस वेळा ती नवऱ्याशी, शेजारणीशी, आपल्या आईशी आणि सगळ्यात जास्त बहिणीशी बोलत होती. दर रविवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला पुण्याहून मावशीचा फोन यायचा. हात कणकेत असायचे, म्हणून फोन ओट्यावर, स्पीकरवर. अर्धा तास. दाराच्या पलीकडे चार फुटांवर दादा गृहपाठ करत असायचा.

दुसऱ्या आठवड्यातल्या रविवारी मावशी लग्नाला गेली होती, फोन आला नाही. सोमवारी दादाची गणिताची घटक चाचणी होती. बाबांच्या वहीत त्या दिवसापुढे लिहिलं होतं: दुखलं नाही, डबा संपवला. गणिताची परीक्षा असलेला सोमवार सुखाचा गेला आणि नुसता तास असलेला सोमवार बुडाला होता. आईने तो कागद बराच वेळ हातात धरला. "म्हणजे शाळेमुळे नाही," ती म्हणाली. मी काही बोलले नाही.

दुसरी पोळी

पण एक नोंद जुळत नव्हती. त्याच आठवड्यातल्या गुरुवारी रात्री पोट जोरात दुखलं होतं आणि आईच्या वहीत गुरुवारचं पान कोरं होतं. कोणी काही बोललं नव्हतं.

इथे मी चुकले होते, ते लिहायला हवं. बोलणारी आई होती म्हणून मी पहिल्या दोन भेटींत सगळं लक्ष तिच्यावरच ठेवलं. बाबा तुलना करत नव्हते, ओरडत नव्हते, अभ्यासाचा विषयही काढत नव्हते. त्यांना मी मनातल्या मनात मोकळं सोडलं होतं. गुरुवारचं उत्तर मला दादाने दिलं. मी त्याला जेवणाच्या वेळी घरात कोण कुठे बसतं ते काढायला सांगितलं. त्याने चटई काढली, चार ताटं काढली, आणि बाबांच्या ताटात एक गोल काढून थांबला.

"बाबा मार्क कमी असले की एकच पोळी खातात," तो म्हणाला. "ॲपवर बघतात. मग बोलत नाहीत. एक पोळी खातात, ताट उचलतात आणि गॅलरीत जातात."

"मग तू काय करतोस?"

"मग माझीपण नाही जात पोळी."

गुरुवारी सोमवारच्या चाचणीचे गुण शाळेच्या ॲपवर आले होते. वीसपैकी अकरा.

पुढच्या भेटीत हे बाबांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा सविस्तर बोलले. त्यांचा डिप्लोमा आहे. एकोणीस वर्षं एकाच कारखान्यात. मशीन कुठलंही बंद पडलं तरी हाक त्यांनाच. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या विभागावर एक सव्वीस वर्षांचा इंजिनीअर आला आणि आता ते त्याला "सर" म्हणतात. "तो पोरगा वाईट नाही हो. मलाच विचारून करतो सगळं. पण सही त्याची लागते. माझ्याकडे कागद नाही." मग बराच वेळ थांबून: "दादाला अकरा पडले की मला त्याचा पंचेचाळिसावा वाढदिवस दिसतो."

आईची गोष्ट वेगळी होती. दहावीपर्यंत दोघी बहिणी सारख्याच. मग मावशी सायन्सला गेली, ही कॉमर्सला. मावशीचं लग्न आयटीतल्या मुलाशी झालं, पुण्यात फ्लॅट झाला. बहिणीवर तिचा जीव होता, हेवा म्हणावा असं काही तिच्या बोलण्यात नव्हतं. पण एकदा खूप हळू आवाजात ती म्हणाली, "मुलांच्या बाबतीत तरी बरोबरी व्हावी, एवढंच." मुलं दोघींची, गुण मुलांचे, पण पेपर तीस वर्षांपूर्वीचा आणि दोघी बहिणींचा होता.

ही काळजी मुलात रक्तातून उतरते की घरातून, हा प्रश्न पालक हमखास विचारतात. यांनीही विचारला. थॅलिया इली आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये स्वीडनमधल्या जुळ्यांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यामागची कल्पना सोपी आहे. आईची एकसारखी जुळी बहीण असेल तर त्या मावशीची जनुकं आईसारखीच असतात. चिंता जनुकांतून येत असेल, तर मुलाची चिंता आईइतकीच मावशीच्या चिंतेशीही जुळायला हवी. तसं झालं नाही. मुलाची चिंता जुळली ती ज्यांच्यासोबत तो राहत होता त्या आई-वडिलांशी. मी हे बाबांना सांगितलं ते दोष द्यायला नाही. रक्तातून आलेलं बदलता येत नाही, जेवणाच्या चटईवरून आलेलं बदलता येतं.

खोडरबर

तरीही आई-बाबा अर्धेच पटले होते. त्यांना पटवलं ते धाकटीने. डिसेंबरमध्ये आई तिची वही घेऊन आली. पहिलीची चौकटींची वही. 'अ'च्या पानावर एका चौकटीत भोक पडलं होतं आणि भोवतीचा कागद पिसासारखा पातळ झाला होता. तिने तेच अक्षर इतक्या वेळा खोडलं होतं. का, विचारल्यावर ती म्हणाली, "दादा म्हणाला वर्गातल्या पहिल्या नंबरचा 'अ' असा नसतो. दहापैकी सहा दिले त्याने."

दादा रोज संध्याकाळी तिची वही तपासायचा. प्रेमाने. तिच्या वर्गात कोण पुढे आहे ते विचारायचा आणि म्हणायचा, "तू मागे पडू नकोस हं." शब्द आईचे, उच्चारही आईचा. त्याला जे मिळत होतं ते तो पुढे देत होता.

काय केलं

दादाच्या भेटी थांबवून सहा आठवडे मी फक्त आई-बाबांसोबत काम केलं. येल विद्यापीठातले एली लेबोविट्झ यांनी ही पद्धत मांडली आहे. चिंताग्रस्त मुलाला एकदाही न भेटता केवळ पालकांचं वागणं बदलायचं. २०२०च्या त्यांच्या अभ्यासात याचा परिणाम मुलांना थेट दिलेल्या सीबीटीपेक्षा, म्हणजे विचार आणि वर्तनावरच्या उपचारापेक्षा, कमी पडला नव्हता. भर असतो तो मुलाची भीती तात्पुरती शमवण्यासाठी घरातले जे जे करतात ते कमी करण्यावर.

या घरात सगळ्यात मोठी अशी गोष्ट होती रात्रीचा प्रश्न. दिवे मालवले की दादा विचारायचा, "आई, स्कॉलरशिप नाही मिळाली तर?" आई म्हणायची, "मिळेल रे राजा, नक्की मिळेल." पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. एका रात्रीत सात-आठ वेळा. आईला वाटायचं ती धीर देते आहे. पण "नक्की मिळेल" यात न सांगता एक गोष्ट येते: मिळायलाच हवी, न मिळणं इतकं भयंकर आहे की आपण त्याचा विचारही करायचा नाही. शिवाय आई उद्याचं सांगू शकत नाही हे तेरा वर्षांच्या मुलाला कळतं, म्हणून उत्तर टिकत नाही आणि पुन्हा विचारावं लागतं.

आम्ही एक वाक्य ठरवलं. आई पहिल्यांदा विचारलं की म्हणेल, "तुला भीती वाटतेय, कळतंय मला. आणि तू हे झेलू शकतोस." त्यानंतर त्या रात्री उत्तर नाही, पाठीवरून हात फक्त. हे दादाला आधी सांगून केलं, दिवसा, चहाच्या वेळी, म्हणजे आई रागावली आहे असं त्याला वाटू नये.

पहिले चार दिवस भयंकर गेले. तिसऱ्या रात्री त्याने चौदा वेळा विचारलं, रडला, पोट धरून बसला. आईने मला मेसेज केला, "थांबवू का?" हे मी आधीच सांगून ठेवलं होतं: जे आजवर मिळत होतं ते बंद झालं की मूल आधी जोरात मागतं, तेव्हा दिलं तर त्याला कळतं की चौदा वेळा विचारावं लागतं. आई ठाम राहिली. चौथ्या रात्री बाबाच विरघळले आणि "मिळेल" म्हणून आले. पाचव्या रात्री पुन्हा सुरू. दहाव्या दिवशी प्रश्न दोनदा आला, तिसऱ्या आठवड्यात एकदाही नाही.

फोनचं काम मला सोपं वाटलं होतं, ते अवघड निघालं. आईने स्पीकर बंद केला, गॅलरीत जाऊन बोलायला लागली. पोटदुखी कमी झाली पण थांबली नाही, कारण गॅलरीतून परत आलेली आई वेगळी असायची: भांडी जोरात, आवाज चढा, आणि अर्ध्या तासात "अभ्यास झाला का?" शब्द बंद झाले तरी दादा तिची पावलं ऐकत होता. शेवटी तिला बहिणीशीच बोलावं लागलं. "मुलांच्या मार्कांचं आपण नको बोलूया काही दिवस, मला त्रास होतो." मावशीला ते लागलं. दोन रविवार फोन आला नाही, आणि आजीचा आला, "तुमचं काय बिनसलं?" म्हणून. नात्यात अशी किंमत मोजावी लागते आणि ती मोजायची की नाही हे बाहेरच्याने ठरवू नये. तिसऱ्या रविवारी मावशीचा फोन आला आणि त्या दोघी चाळीस मिनिटं लोणच्याच्या मसाल्यावर आणि वडिलांच्या गुडघ्यांवर बोलल्या.

बाबांना मी त्यांची भीती कागदावर मांडायला सांगितली, वर्षांसकट. "मागे पडेल" या वाक्याला तारीख नसते, म्हणून ते आज रात्रीसुद्धा लागू होतं. आम्ही वाटा लिहिल्या. दहावीनंतर अकरावी-बारावी आणि सीईटी, किंवा तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा आणि तिथून इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, किंवा आयटीआय, किंवा दुसरी शाखाच. आठवीच्या घटक चाचणीतले अकरा गुण यातली कुठली वाट बंद करतात, हे त्यांनी स्वतः शोधायचं होतं. एकही नाही. थेट दुसऱ्या वर्षाच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "ही मला माहीत होती," ते म्हणाले. "तेव्हा घरी पैसे लागत होते." त्यांची भीती त्यामुळे गेली नाही. पण ती कोणाची आहे, हे त्यांना दिसलं.

आणि एक अगदी साधा नियम: गुण ॲपवरून कळायचे नाहीत, दादा स्वतः पेपर दाखवेल. बाबांनी दोन मिनिटांच्या आत सही करायची, एकच वाक्य बोलायचं, "चल, जेवू," आणि ताटावरून सगळ्यांसोबतच उठायचं.

नंतर

जानेवारीपासून दादाला मी चार वेळा भेटले. त्याच्यासोबतचं काम छोटंच होतं. बहिणीची वही तपासणं बंद, त्याऐवजी तिने त्याला एक अक्षर शिकवायचं. गणितात न येणारं उदाहरण रिकामं न सोडता पहिली पायरी तरी लिहायची आणि चुकू द्यायची. वर्गात हात वर करून एकदा "मला कळलं नाही" म्हणायचं. हे त्याला परीक्षेपेक्षा अवघड गेलं आणि तीन आठवडे लागले.

गणिताचे गुण फारसे वाढले नाहीत. वीसपैकी अकराचे बारा-तेरा झाले. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ताण गेला की गुण वाढतात असं आश्वासन मी पालकांना देत नाही. दिलं तर उपचारही त्याच शर्यतीत सामील होतो. जानेवारीनंतर शाळा पोटदुखीने दोनदा बुडाली.

सगळीच घरं इतक्या लवकर वळत नाहीत. मूल आठवडेच्या आठवडे शाळेत जायला नकार देत असेल, खाणं-झोप तुटली असेल किंवा मरणाबद्दल बोलत असेल, तर वह्या लिहीत बसायचं नाही, मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं. टेली-मानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइनही कधीही मोफत लागते.

स्कॉलरशिपचा निकाल लागला तेव्हा मावसभाऊ यादीत होता, दादा नव्हता. फोन आला तेव्हा आईचे हात कणकेतच होते. तिने हात धुतले, फोन कानाला लावला, भाच्याशी बोलली, मनापासून अभिनंदन केलं. मग दादाच्या टेबलापाशी येऊन बसली. काय बोलायचं ते आम्ही ठरवलं नव्हतं. "त्याला मिळाली," ती म्हणाली. "मला थोडं वाईट वाटलं. ते माझं आहे, मी बघते त्याचं."

दादाने विचारलं, "बाबांना सांगितलं?"

"तू सांगतोस का?"

त्याने सांगितलं. बाबा गॅलरीत गेले, पण जेवण झाल्यावर, आणि दादाही मागून गेला. ॲप अजून त्यांच्या फोनमध्ये आहे. काढून टाकायला त्यांना जमलेलं नाही, आणि रात्री ते कधीकधी उघडतात, हे त्यांनीच मला सांगितलं. नववीची पहिली चाचणी जुलैच्या शेवटी आहे. ती झाल्यावर बाबा एकटेच मला भेटायला येणार आहेत.